टाळेबंदीच्या वर्षी डी-मार्टचा निव्वळ नफ्याचा टक्का वर कसा राहिला?

२०२०-२१ हे वर्ष दुकानदारांसाठी किती वाईट होतं ते वेगळं सांगायला नको. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. पुढचे कित्येक महिने दुकानांच्या वेळा कमी होत्या आणि अनेक ठिकाणी फक्त जीवनावश्यक वस्तू विकायला परवानगी होती. डी-मार्ट चालवणाऱ्या अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्सलाही हा फटका बसला. तरीही त्या वर्षी तिने शंभर रुपयांच्या विक्रीवर ४.९ रुपये निव्वळ नफा मिळवला. दोन वर्षं आधी, २०१८-१९ मध्ये, सगळं सुरळीत चालू असताना हाच आकडा ४.७ रुपये होता.

हे दोनच आकडे पाहणाऱ्याला वाटेल की कंपनीने टाळेबंदीत आधीपेक्षा चांगला धंदा केला. तसं झालेलं नाही. शेल्फवरून माल विकून पैसे मिळवण्याचं जे मूळ काम, ते त्या वर्षी बरंच खालावलं होतं. ते निव्वळ नफ्याच्या ओळीत दिसत नाही, तिच्या वरच्या ओळींत दिसतं. म्हणून हे प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे.

खालचे आकडे कंपनीच्या स्टँडअलोन, म्हणजे उपकंपन्या न धरता जाहीर केलेल्या निकालांमधले आहेत.

| आर्थिक वर्ष | विक्री (कोटी रु.) | कार्यकारी नफा (कोटी रु.) | विक्रीच्या % | निव्वळ नफा (कोटी रु.) | विक्रीच्या % |
|---|---|---|---|---|---|
| २०१८-१९ | १९,९१६ | १,६४२ | ८.२ | ९३६ | ४.७ |
| २०१९-२० | २४,६७५ | २,१२२ | ८.६ | १,३५० | ५.५ |
| २०२०-२१ | २३,७८७ | १,७४२ | ७.३ | १,१६५ | ४.९ |

यातला कार्यकारी नफा म्हणजे बाजारात ज्याला एबिटडा म्हणतात तो. विक्रीतून मालाची किंमत, पगार आणि दुकान चालवण्याचे इतर खर्च वजा केल्यावर उरणारी ही रक्कम आहे. घसारा, व्याज आणि कर अजून वजा झालेले नाहीत, आणि बँकेतल्या ठेवींवरचं व्याज वगैरे इतर उत्पन्न यात धरलेलं नाही. काटेकोर अर्थाने घसारा वजा केल्यानंतरच कार्यकारी नफा म्हणायला हवं. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

छापलेलाच नसतो असा ढोबळ नफा

तक्त्यात ढोबळ नफा नाही, कारण भारतीय कंपन्यांच्या नफा-तोटा पत्रकात तशी ओळच नसते. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात पत्रकाचा जो नमुना दिला आहे, त्यात खर्च त्यांच्या प्रकारानुसार येतात: मालाची खरेदी, साठ्यातला बदल, कर्मचाऱ्यांवरचा खर्च, व्याज, घसारा, इतर खर्च. ढोबळ नफा वाचणाऱ्याने स्वतः काढायचा. दुकानदारी कंपनीसाठी हे सोपं आहे. विक्रीतून मालाची खरेदी वजा करायची आणि वर्षभरात साठा वाढला असेल तर तेवढी वाढ परत मिळवायची, कारण तो माल विकत घेतला पण अजून विकलेला नाही.

डी-मार्टबाबत हे गणित केलं की या काळात शंभर रुपयांच्या विक्रीमागे पंधराच्या आसपास रुपये उरतात. म्हणजे शंभरातले सुमारे पंच्याऐंशी रुपये थेट पुरवठादाराकडे जातात. किराणा आणि साबण-शांपूसारख्या मालाच्या धंद्यात हा आकडा छोटाच असतो, आणि इथे तो मुद्दाम छोटा ठेवला जातो. स्वस्त विकायचं आणि माल झटपट फिरवायचा, हेच कंपनीचं धोरण आहे. त्यामुळे डी-मार्टचा ढोबळ टक्का अचानक अठरावर गेला तर मला आनंद होण्याऐवजी प्रश्न पडेल: भाव वाढवले का? वाढवले असतील तर गिऱ्हाईक टिकेल का?

ढोबळ टक्का सांगतो तो खरेदीभाव, विक्रीभाव आणि कोणता माल किती विकला गेला यांच्याबद्दल. पगार, वीजबिल, कर्ज, कर यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. २०२०-२१ मध्ये यातला तिसरा भाग, म्हणजे मालाची वाटणी, बिघडला. डी-मार्टमध्ये तीन प्रकारचा माल असतो: पहिला गट खाद्यपदार्थांचा, दुसरा साबण, डिटर्जंट वगैरे रोजच्या वापराच्या इतर वस्तूंचा, आणि तिसरा गट कपडे, भांडी, प्लास्टिकच्या वस्तू, चादरी अशा मालाचा. तांदूळ-तेलावर नफा पातळ असतो, कपडे आणि भांड्यांवर जाड. टाळेबंदीत नेमका हा तिसरा गट अडला. एकूण विक्रीतला त्याचा वाटा २०१९-२० मध्ये सुमारे २७ टक्के होता, तो पुढच्या वर्षी सुमारे २३ टक्क्यांवर आला.

याचा परिणाम किती झाला असेल? प्रत्येक गटावरचा ढोबळ टक्का निकालांत वेगळा मिळत नाही, म्हणून एक अंदाज धरू. समजा कपडे-भांड्यांवर २५ टक्के सुटतात आणि बाकी मालावर १२. चार टक्के विक्री पहिल्या गटातून दुसऱ्यात सरकली, तर प्रत्येक शंभर रुपयांमागे चार गुणिले तेरा शतांश, म्हणजे साधारण अर्धा रुपया कमी होतो. अर्धा रुपया ऐकायला काहीच नाही. पण २३,७८७ कोटींच्या विक्रीवर तो १२० कोटींच्या जवळ जातो.

ढोबळ नफ्यातली एक पळवाटही इथेच सांगतो. वर्षअखेरचा साठा जितका जास्त दाखवला, तितकी विकलेल्या मालाची किंमत कमी दिसते आणि ढोबळ नफा फुगतो. खराब झालेला किंवा चोरीला गेलेला माल साठ्यात तसाच धरला की एका वर्षापुरता टक्का छान दिसतो. म्हणून ढोबळ टक्का वाढला की ताळेबंदात जाऊन साठा पाहावा. विक्रीपेक्षा साठा बराच वेगाने वाढत असेल, तर वाढलेल्या टक्क्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

कार्यकारी नफा: दुकान चालवायला काय लागलं

पंधरातून सुमारे साडेसहा-सात रुपये पगार, वीज, सुरक्षा, वाहतूक, देखभाल अशा खर्चांत जातात आणि आठ-साडेआठ उरतात. हे खर्च विक्रीबरोबर त्याच प्रमाणात वर-खाली होत नाहीत. गिऱ्हाईक निम्मं आलं तरी दुकानातले दिवे, एसी आणि कॅशिअर निम्मे होत नाहीत.

हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते एप्रिल-जून २०२० या तिमाहीत. विक्री आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीतल्या ५,७८१ कोटींवरून ३,८३३ कोटींवर आली, म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने घटली. कार्यकारी नफ्याचा टक्का मात्र साधारण दहावरून तीनच्याही खाली आला. ढोबळ टक्का थोडाफार घसरला असला तरी एवढी पडझड एकट्या त्याने झाली नसती. खर्च तसेच राहिले आणि ते उचलायला विक्री कमी पडली.

पूर्ण वर्षाचा हिशेब असा मांडता येतो. २०१९-२० च्या तुलनेत विक्री ८८८ कोटींनी कमी झाली. त्या विक्रीवर पंधरा टक्के ढोबळ नफा सुटला असता, म्हणजे सुमारे १३३ कोटी गेले. कार्यकारी नफा मात्र ३८० कोटींनी कमी झाला आहे. उरलेले जवळपास २५० कोटी कुठे गेले? त्यातले साधारण निम्मे आपल्या अंदाजाप्रमाणे मालाच्या बदललेल्या वाटणीत गेले. बाकीचे वाढलेल्या खर्चात असणार. दुकानांची संख्या मार्च २०२० मधल्या २१४ वरून वर्षभरात २३४ झाली होती. वीस जास्तीची दुकानं चालवायची आणि एकूण विक्री मात्र कमी, असं ते वर्ष होतं. ही विभागणी माझ्या गृहीतकांवर उभी आहे. पण नुकसानाचे दोन वेगळे स्रोत असे वेगळे केले की पुढच्या वर्षीच्या निकालात काय शोधायचं ते कळतं. कपड्यांचा वाटा परत वर आला की एक भाग भरून निघेल, प्रत्येक दुकानामागची विक्री वाढली की दुसरा.

आता तक्त्यातली एक सुखद दिसणारी गोष्ट. २०१८-१९ ते २०१९-२० मध्ये कार्यकारी टक्का ८.२ वरून ८.६ झाला. दुकानं अधिक काटकसरीने चालू लागली, असा अर्थ पटकन काढला जातो. पण त्याच वर्षी घसारा सुमारे २०० कोटींवरून सुमारे ३४० कोटींवर गेला. घसारा वजा करून टक्का काढला तर दोन्ही वर्षी तो ७.२ येतो. सुधारणा नाहीशी होते.

यामागे काही अंशी हिशेबाचा नियम आहे. १ एप्रिल २०१९ पासून भाडेकरारांसाठी इंड एएस ११६ हे मानक लागू झालं. तोवर दुकानाचं भाडं साध्या खर्चात धरलं जायचं आणि कार्यकारी नफ्याच्या आधीच वजा व्हायचं. नव्या मानकाने लांब मुदतीच्या भाडेकरारातली जागा ताळेबंदात मालमत्ता म्हणून येते आणि पुढच्या भाड्याचं देणं कर्जासारखं दाखवलं जातं. मग भाड्याच्या जागी दोन वेगळे खर्च येतात, मालमत्तेचा घसारा आणि देण्यावरचं व्याज. हे दोन्ही एबिटडाच्या खाली बसतात. घरमालकाला चेक तेवढाच जातो, पण एबिटडा वाढलेला दिसतो. डी-मार्टची बहुतेक दुकानं स्वतःच्या मालकीची किंवा फार लांब मुदतीच्या करारावर आहेत, त्यामुळे तिला याचा परिणाम बेताचा. घसाऱ्याची उरलेली वाढ नव्या दुकानांची आहे. जिची बहुतेक दुकानं मॉलमध्ये भाड्याने आहेत अशा कंपनीचा एबिटडा टक्का मात्र या एका नियमाने कितीतरी वर गेलेला असतो. अशा कंपनीचा २०१८-१९ आणि २०१९-२० चा एबिटडा शेजारी ठेवून प्रगती मोजणं चुकीचं आहे.

निव्वळ नफा: दुकानाबाहेरचं सगळं

कार्यकारी नफ्याच्या खाली जे घडतं त्याचा गिऱ्हाइकाशी, मालाशी, कॅशिअरशी संबंध उरत नाही. मालमत्ता किती जुनी आहे, पैसा कुठून आणला, पडून असलेला पैसा कुठे ठेवला आणि सरकार किती कर घेतं, एवढे चार प्रश्न इथे उरतात. डी-मार्टच्या या तीन वर्षांत यातल्या दोन गोष्टी जोरात हलल्या.

पहिली गोष्ट कराची. २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात पत्रकार परिषद घेऊन कंपनी कर कमी केल्याचं जाहीर केलं. सवलती सोडून देणाऱ्या कंपन्यांसाठी अधिभार आणि उपकर धरून दर सुमारे ३४.९४ वरून २५.१७ टक्के झाला, आणि तो २०१९-२० या पूर्ण वर्षाला लागू झाला. दुसरी गोष्ट भांडवलाची. फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीने संस्थागत गुंतवणूकदारांना नवे शेअर विकून सुमारे ४,०९८ कोटी रुपये उभे केले. प्रवर्तकांचा वाटा नियमाप्रमाणे ७५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचाही हा एक भाग होता. हा सगळा पैसा लगेच नव्या दुकानांत गेला नाही. बराचसा ठेवींत आणि गुंतवणुकीत राहिला आणि त्यावर व्याज मिळू लागलं. २०१८-१९ मध्ये पन्नास कोटींच्या आसपास असलेलं इतर उत्पन्न २०२०-२१ मध्ये दोनशे कोटींच्या आसपास पोचलं.

आता २०१८-१९ आणि २०२०-२१ ही दोन वर्षं प्रत्येकी शंभर रुपयांच्या विक्रीवर आणून पाहू.

२०१८-१९ मध्ये कार्यकारी नफा ८.२ रुपये. त्यातून घसाऱ्याचा एक रुपया गेला, उरले ७.२. इतर उत्पन्न आणि व्याज जवळपास एकमेकांना भिडले, म्हणून करपूर्व नफा ७.३. कर २.६ रुपये. हातात ४.७.

२०२०-२१ मध्ये कार्यकारी नफा ७.३ रुपये. घसारा दीड रुपयापेक्षा थोडा जास्त, कारण दुकानं वाढली होती आणि विक्री त्या मानाने वाढली नव्हती. उरले ५.८. इथपर्यंत दोन वर्षांत एक रुपया चाळीस पैशांची घट आहे. मग इतर उत्पन्नाचे ९० पैसे आले, व्याजात दहा-पंधरा पैसे गेले आणि करपूर्व नफा साडेसहा झाला. कर फक्त १.६. हातात ४.९.

म्हणजे दुकानांनी एक रुपया चाळीस पैसे कमी मिळवले. नव्या शेअर भांडवलावरच्या व्याजाने त्यातला मोठा भाग भरून काढला आणि कराने एक रुपया परत दिला. जुनाच कर असता आणि इतर उत्पन्न पन्नास कोटींच्या जवळ राहिलं असतं, तर करपूर्व नफा सुमारे १,४०० कोटी आणि निव्वळ नफा ९१० कोटींच्या आसपास आला असता. विक्रीच्या ३.८ टक्के. दुकानदारीची २०१८-१९ शी तुलना करायची असेल तर ४.७ च्या शेजारी ठेवायचा आकडा हा आहे.

हीच फूटपट्टी २०१९-२० ला लावली तर तिथला ५.५ चा आकडाही खाली येतो. करपूर्व नफा सुमारे १,७८० कोटी होता. त्यावर जुना कर लावला तर निव्वळ टक्का बरोबर ४.७ वर येतो, आदल्या वर्षी होता तिथेच. निव्वळ नफा ४४ टक्क्यांनी वाढला म्हणून तेव्हा बरंच कौतुक झालं. दुकानांच्या धंद्याची वाढही उत्तम होती, विक्री २४ टक्क्यांनी वाढली होती. पण २४ आणि ४४ यांच्यातल्या अंतराचा बहुतेक भाग कर-अध्यादेशाचा आहे, आणि तो एकदाच मिळतो. पुढच्या वर्षी पुन्हा ४४ टक्के वाढ धरून शेअरची किंमत ठरवणाऱ्याने एकदाच बदललेल्या कराला कायमचा वेग समजल्यासारखं होईल.

याचा अर्थ ४.९ हा आकडा खोटा आहे असा नाही. तो पैसा खरोखर भागधारकांचा आहे. लाभांश यातूनच येतो आणि प्रति शेअर मिळकतही यावरच मोजली जाते. वाढलेला पैसा कुठून आला हे मात्र तो एकटा सांगू शकत नाही.

दुसऱ्या कंपनीशी तुलना करताना

जागेचा प्रश्न इथे पुन्हा येतो. समजा दोन कंपन्या आहेत, दोघींची विक्री शंभर कोटी, ढोबळ नफा पंधरा कोटी आणि पगार-वीज वगैरे खर्च सात कोटी. एकीने दुकानाची जागा स्वतःच्या पैशाने तीस कोटींना विकत घेतली आहे. दुसरी तशाच जागेचं वर्षाला तीन कोटी भाडं देते. २०१९ आधी पहिलीचा एबिटडा आठ आणि दुसरीचा पाच दिसला असता. नव्या मानकानंतर, भाडेकरार लांब मुदतीचा असेल तर, दोघींचा आठच दिसतो. निव्वळ नफ्यापर्यंत आल्यावर भाडेकरू कंपनी मागे पडते, कारण घसारा आणि व्याजाच्या रूपाने ते तीन कोटी कधीतरी वजा होतातच.

मग मालकीच्या जागेवाली कंपनी अधिक चांगली चालवलेली आहे का? दुकान दोघींनी सारखंच चालवलं आहे. पहिलीने तीस कोटी गुंतवले आणि दुसरीने नाहीत, एवढाच फरक. ते तीस कोटी कर्जाने आणले असते तर व्याज नफा-तोटा पत्रकात दिसलं असतं. भागधारकांच्या पैशातून आणले तर त्यांची किंमत पत्रकात कुठेच येत नाही, कारण भागधारकाला द्यायच्या परताव्याची ओळ कोणत्याही नफा-तोटा पत्रकात नसते. डी-मार्टचा निव्वळ टक्का इतर अनेक किराणा साखळ्यांपेक्षा बरा दिसण्यामागे हे एक ठोस कारण आहे. तिच्या नफ्यात जमीनमालकाला जाणारा भाग तिच्याकडेच राहतो आणि त्यासाठी लावलेलं भांडवल ताळेबंदात बसलेलं असतं.

म्हणून या कंपनीबाबत तिन्ही टक्के पाहून झाल्यावर मी नेहमी ताळेबंदाकडे जातो आणि घसारा वजा केलेला कार्यकारी नफा एकूण गुंतलेल्या भांडवलाने भागून पाहतो. त्यातून ठेवींत पडलेली रोकड बाजूला काढावी लागते, नाहीतर २०२०-२१ चा परतावा आहे त्याहून वाईट दिसेल, कारण शेअर विकून आलेले ते चार हजार कोटी भांडवलात धरले जातात आणि दुकानांसाठी अजून कामाला लागलेले नसतात.